एक नंबरचं बटण

नगरच्या कोर्टाबाहेर आमची टायपिंगची टपरी आहे. टेबल एवढंसं, की दोन कॉम्प्युटर ठेवले तर चहाचा कप मांडीवर घ्यावा लागतो. म्हणून मी दोन्हींना मिळून एकच बिनवायरचा कीबोर्ड आणला. एक नंबरचं बटण दाबलं की डावीकडचा जुना कॉम्प्युटर. त्यावर वडील मराठी प्रतिज्ञापत्रं टाइप करतात. दोन नंबर दाबलं की उजवीकडचा. त्यावर मी ऑनलाइन फॉर्म भरते. बटण दाबल्यावर बारीक दिवा लुकलुकतो आणि विझतो. नंतर कीबोर्ड कुणाशी जोडलाय ते त्याच्याकडे बघून कळत नाही. म्हणून नियम मीच केला होता: उठताना एक नंबर दाबून उठायचं.

वडील टाइपरायटरवर शिकलेले. नजर कागदावर, पडद्याकडे बघणं त्यांच्या लेखी कच्चेपणा. चाळीस वर्षांत त्यांचा हात कधी चुकला नाही, याचा मला त्यांच्यापेक्षा जास्त तोरा.

त्या दिवशी पाथर्डीकडची एक मुलगी नर्सिंगचा फॉर्म भरायला आली होती. शेवटचा दिवस. शेवटच्या, म्हणजे पत्त्याच्या रकान्यापर्यंत आलो आणि तिच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आम्ही दोघी समोरच्या दुकानात गेलो. परत आलो तर वडिलांनी अख्खं पान संपवलं होतं. डावा पडदा कोरा. उजवीकडे तिच्या पत्त्यात इंग्रजी अक्षरांची खिचडी, आणि वडिलांनी नवी ओळ घ्यायला एंटर दाबला तेव्हा फॉर्म तसाच जमा झालेला. "माझा फॉर्म गेला का आता?" मुलीने विचारलं.

मी जात्याच तापट. "बाबा, एकदा तरी मान वर करून बघायचं ना," असं चार लोकांत ओरडले.

ते त्या मुलीला म्हणाले, "चूक माझी हाय, बाई. तू घाबरू नको. मी बघायला पायजे हुतं."

फी भरायची बाकी होती, म्हणून तो अर्ज रद्द करता आला. तासाभरात दुसरा भरला, पावती घेऊन मुलगी गेली. मग मला आठवलं, उठताना मी एक नंबर दाबलाच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. संध्याकाळी सांगू म्हटलं, जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"मला तवाच कळलं हुतं," ते म्हणाले, आणि कागद सरळ करून कामाला लागले.

मला वाटलं, मिटलं. पण तेव्हापासून ते दर ओळीला थांबतात, मान वर करतात, पडदा बघतात, मग कागदावर आपली ओळ शोधतात. पूर्वी पाच मिनिटांत होणाऱ्या पानाला आता पंधरा लागतात. पक्षकार घड्याळ बघतात. नको म्हणून सांगितलं तरी ते ऐकत नाहीत, आणि त्यांची मान वर झाली की मी दुसरीकडे बघते.