गोळीआधीचं रक्त

आमचे हे निपाणीतल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. मी प्राथमिक शाळेत. लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांना पहिल्यांदा तो आजार झाला. आधी झोप गेली. मग बोलणं वाढलं. एका शनिवारी शाळेच्या मैदानावर त्यांनी चुन्याची फक्की घेऊन भारताचा नकाशा काढला आणि मुलांना एकेका शहराच्या जागी उभं केलं. हेडमास्तरसुद्धा कौतुक करत बघत राहिले. सोमवारी मात्र ह्यांनी चुन्याची तीच रेघ शाळेच्या फाटकातून बाहेर काढली, बाजारातून, तंबाखूच्या वखारीपुढून नेली, आणि "सीमाप्रश्न मी मिटवतो, पाणलोट बघून हद्द ठरवायची असते," असं सांगत रस्त्यातल्या पोलिसाला ते बाजूला सरकायला लावू लागले. चौघांनी धरून त्यांना घरी आणलं.

बेळगावच्या मोठ्या इस्पितळात मनाच्या आजाराचा विभाग होता. तिथले डॉक्टर धारवाडकडचे, घरात कन्नड बोलणारे, पण आमच्याशी मराठीत बोलत. त्यांनी मला समोर बसवून समजावलं, "बाई, हा उन्मादाचा आजार आहे. वेडगळपणा नव्हे. लिथियम म्हणून एक क्षार आहे, त्याच्या गोळ्या देतो. मात्र ह्या औषधाचं एक आहे. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष. म्हणून रक्त तपासत राहावं लागतं."

हे वॉर्डात होते तोवर रक्त तपासायचं काम सिस्टरच करायच्या. पहाटे उठवून, चहाच्या आधी, गोळ्यांच्या आधी. मी त्याकडे कधी लक्ष दिलं नाही. महिन्याभरात त्यांचं बोलणं खाली आलं, डोळ्यांतली ती चमक गेली, आणि एक दिवस त्यांनी मला विचारलं, "माझ्या वर्गाची परीक्षा कोण घेतंय गं?" मी वऱ्हांड्यात जाऊन रडले. सकाळी दोन गोळ्या आणि रात्री दोन, असं लिहून देऊन त्यांना घरी सोडलं. "घरी गेल्यावर पहिल्यांदा लवकर दाखवा, मग थोड्या थोड्या दिवसांनी रक्त देऊन जा," एवढं सांगितलं.

गोळ्या मी माझ्या हातानं द्यायची. त्या बाबतीत मी कुणावर विश्वास टाकला नाही, त्यांच्यावरही नाही. बेळगावला जायचं म्हणजे सकाळची पहिली एस.टी. धरायची. चूल पेटवून चहा करायचा, चहाबरोबर गोळ्या द्यायच्या, त्यांनी जीभ दाखवायची, मग आम्ही निघायचो. संकेश्वर, हत्तरगी, काकती मागे टाकत बेळगावला पोचलं की ऊन चढायला लागलेलं असायचं. इस्पितळात रक्त द्यायचं आणि दुपारी रक्तातल्या औषधाचा आकडा घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

पहिल्याच खेपेला आकडा वर आला. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या.

"हात थरथरतात?"

"जरासे," हे म्हणाले. "खडू धरताना."

"उलटी? जुलाब? चालताना तोल जातो?"

"न्हाय."

"तरी एवढा आकडा मला नको. धोका आहे. एक गोळी कमी करू."

पुढच्या खेपेला आकडा उतरला होता, पण डॉक्टरांना तोही जरा जास्तच वाटला. आणखी एक गोळी कमी झाली. सकाळी एक, रात्री एक. त्यानंतरच्या खेपेला मात्र ते खूश झाले. "आता कसं बरोबर आलं! हाच डोस चालू ठेवा." आम्हीही खुशीत बाजारात जाऊन मिठाईवाल्याकडे कुंदा घेतला आणि परत आलो.

पण घरी काही बरोबर नव्हतं. आधी मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ असतील. हे पुन्हा लवकर उठायला लागले. मग फारच लवकर. जेवताना ताट तसंच ठेवून नद्यांबद्दल बोलायचे. एका दुपारी मी शाळेतून आले, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं कृष्णा काढलेली, तिला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांसकट. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा. सुरेख काढली होती, आणि मला मात्र घाम फुटला.

सासूबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी गरमी झालीया. बंदच कर त्या." मी ऐकलं नाही. पण मनात मीही डगमगले होते.

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. आकडा पुन्हा बरोबरच आला. डॉक्टरांनी यांचं बोलणं बराच वेळ ऐकून घेतलं. यांना बाहेर बसवून ते मला म्हणाले, "बाई, रक्तात औषध पुरेसं आहे आणि तरी आजार डोकं वर काढतोय. म्हणजे हे औषध यांना लागू पडत नाही असं दिसतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. नाहीतर परत भरती करावं लागेल. कदाचित शॉकही द्यावे लागतील."

शॉक हा शब्द ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. काकतीजवळ एस.टी. थांबली तेव्हा बाहेर एक बाई शेंगा विकत होती आणि हे खिडकीतून त्या बाईला बेळगावच्या मातीबद्दल काहीतरी सांगत होते. ती हसत होती. मला वाटलं, आता असंच होणार. माझा माणूस लोकांचं हसू होणार.

पुढच्या आठवड्यात नेमका सीमाप्रश्नाचा बंद आला. आम्हाला जायचं त्याच दिवशी. एस.ट्या बंद राहणार हे आदल्या दिवशी कळलं, म्हणून संध्याकाळच्या गाडीनं आम्ही बेळगावला गेलो. कॅम्पात यांची थोरली बहीण राहायची. तिचे यजमान लष्करातून निवृत्त झालेले. तिला सगळे आक्काच म्हणत, मीही. गडबडीत मी त्या रात्रीची गोळी तेवढी रुमालाच्या टोकाला बांधून घेतली होती. सकाळची निपाणीतच राहिली. सकाळी ते ध्यानात आलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

"एका गोळीनं काय हुतंय?" आक्का म्हणाली. "आधी दवाखान्याला जावा. आल्यावर बघू. बंद सुटला की औषधाचं दुकान उघडतंय."

रस्ते सामसूम होते. आम्ही चालतच इस्पितळात गेलो. हे वाटेत बंद दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते, मराठी आणि कन्नड दोन्ही. रक्त दिलं. बंदमुळे रुग्ण कमी होते, म्हणून आकडाही लवकर आला.

डॉक्टरांनी कागद बघितला, आमच्याकडे बघितलं, परत कागद बघितला.

"मास्तर, खरं सांगा. गोळ्या थुंकून टाकता का?"

"अजिबात न्हाय!" हे उसळले.

"मग हे काय? आठवड्यापूर्वी बरोबर होतं. तोच डोस, आणि आज निम्म्याच्या आसपास."

माझा संताप झाला. इतके महिने मी ज्याला जपलं, त्यावरच संशय! मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गोळी मी माझ्या हातानं देते. जीभ बघते. रात्रीची काल दिली. आज सकाळची तेवढी राहिली, ती निपाणीत विसरली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आज सकाळची राहिली. म्हणजे बाकीच्या वेळी तुम्ही सकाळची गोळी देऊन इकडे आणायचात?"

"व्हय. एस.टी. धरायच्या आधी. चहाबरोबर."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. चुकवली न्हाय एकदाही."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला वाटलं आता ओरडतील. पण ते हसले, आणि ते हसू स्वतःवरच होतं. "बाई, तुम्ही काही चुकवलं नाही. विचारायला हवं होतं आम्ही. वॉर्डात सिस्टर गोळीआधी रक्त घेतात, मी धरून चाललो की इथंही तसंच होतंय."

मग त्यांनी कोऱ्या कागदावर टेकडीसारखी रेघ काढली. गोळी घेतली की एक-दोन तासांत औषध रक्तात भरभर चढतं, हा माथा. मग ते शरीरभर पसरतं, लघवीवाटे बाहेर जातं आणि रक्तातलं प्रमाण हळूहळू उतरतं. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी, जे उरलेलं असतं ते तळाचं माप. "कमी किती, जास्त किती, हे आमचे सगळे आकडे ह्या तळाच्या मापासाठी ठरवलेत," ते म्हणाले. "काही औषधांचा माथाही मुद्दाम बघतात. ह्याचा नाही. तुम्ही दर वेळी माथ्यावरचं रक्त दिलंत आणि मी ते तळाचं समजून गोळ्या कमी करत गेलो. आज पहिल्यांदा खरं माप मिळालं. औषध यांना लागू पडत नाही असं नाही. औषध यांना पुरेसं मिळतच नव्हतं!"

हे इतका वेळ पाय हलवत बसले होते. त्या टेकडीकडे बघून ते एकदम म्हणाले, "म्हणजे वेदगंगेला पूर आल्यावर पाणी मोजलं आणि बारमाही पाणी हाय म्हणून लिहून टाकलं!"

डॉक्टर टेबलावर हात आपटून हसले. "बरोब्बर, मास्तर!"

मीही हसले. किती दिवसांनी हसले ते आठवत नव्हतं. मग धीर करून विचारलं, "आणि शॉक?"

"आता त्याचं नाव काढायला नको. गोळ्या एकेक करून परत वाढवू. झोपेसाठी थोडे दिवस दुसरं औषध देतो. आणि रक्ताच्या दिवशी सकाळची गोळी बरोबर आणायची. रक्त दिलं, की मग गिळायची. रात्रीची मात्र ठरल्या वेळीच, म्हणजे बारा तासांचा मेळ बसेल."

आक्काच्या घरी पोचलो तेव्हा ती दारातच उभी होती. "काय म्हनलं डॉक्टर?" तिनं विचारलं. मला सगळं नीट सांगता येईना. मी म्हणाले, "आक्का, वेळ चुकत हुती. औषध न्हाय." तिला काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून तिनं चुलीवर आणखी तांदूळ चढवला.

बरं व्हायला वेळ लागला. हे एका दिवसात होणारं काम नव्हे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ताटातली भाकरी न बोलता संपवली, तेव्हा मी सासूबाईंकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. पुढच्या खेपेला सकाळच्या गोळ्या मी पदराला बांधून नेल्या. रक्त देऊन झाल्यावर इस्पितळाच्या कँटीनमध्ये हे चहाबरोबर त्या गिळत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"जीभ दाखवू काय?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. त्या दिवशी मला खरंच ती बघायची नव्हती.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, आकडा जिथं असायला हवा तिथं आहे. जून महिन्यात शाळा उघडली आणि हे पांढरा सदरा घालून पायीच निघाले. संध्याकाळी आले, सदऱ्याच्या बाहीवर खडू होता. "आठवीला मोसमी वारे शिकवलं," म्हणाले. "निम्मी पोरं झोपली हुती." आणि चपला काढून चहा मागितला.