आबांच्या ताब्यातला फोन

विठ्ठलवाडीला आम्ही पाच जणं एका खोलीत राहायचो. वडील रंगाच्या कंपनीत पिंपं उचलायचे. कंपनी चार दिवस बंद राहिली की आमच्याकडे चहा-चपातीवर भागायचं. वडिलांना वाचता येत नाही. दुसरी-तिसरीपासून घरात आलेला प्रत्येक कागद मीच वाचून दाखवायचे, आणि मी सांगेन तेच खरं. पुढे मी बी.कॉम. झाले, आमच्या सबंध घराण्यात पहिली. ते मी आजही अभिमानाने सांगते.

लग्नानंतर मी डोंबिवलीला आले. आई गेल्यावर वडील आमच्याकडे राहायला आले. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीला. दहा वर्षांची मुलगी दुपारी शाळेतून यायची तेव्हा घरात फक्त तिचे आबा. माझा जुना फोन मी तिला अभ्यासासाठी दिला होता. त्यात माझ्याच पोस्टपेड बिलावरचं जास्तीचं सिम होतं आणि माझंच अकाउंट. नियमही मीच केले. महिन्याचा डेटा सेटिंगमधून ठरावीक मर्यादेवर अडवला. गेम रोज एक तास, तोही गृहपाठ झाल्यावर. फोन उघडायचा पिन मुलीला सांगितला नाही. चार आकडे वडिलांना तोंडपाठ करायला लावले. ते फोन उघडून देत, घड्याळाचा मोठा काटा फिरून जागेवर आला की काढून घेत आणि फ्रिजवर ठेवत. मुलगी कुरकुरायची, "आबा पाच मिनिटंपण जास्त देत नाहीत." मला ते ऐकून बरं वाटायचं.

मग एका महिन्याचं बिल नेहमीच्या पाचपट आलं. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणाले, गेममधली खरेदी आहे, सिमच्या बिलावर लागलेली. हिरे, कपडे, कसल्या कसल्या पेट्या. गेममधल्या पैशांना वेगळं कुलूप लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलगी म्हणाली, मला वाटलं ते फुकट आहे. मी तिचं पुढे ऐकलं नाही. पिन एकाच माणसाकडे होता.

वडील तांदूळ निवडत बसले होते. मी विचारलं, तर म्हणाले, एक तासाच्या वर मी फोन दिला नाही, बाय. मी नवऱ्यासमोर, मुलीसमोर म्हटलं, "बाबा, तुम्हाला वाचता येत नाही. तुमच्यासमोर बसून तिने काय दाबलं ते तुम्हाला कळणार कसं?"

त्यांनी तांदूळ पुरते निवडले, डब्यात भरले. दोन दिवसांनी माझ्या भावाकडे आंबिवलीला गेले. चार दिवस राहून येतो म्हणाले. मी अडवलं नाही.

त्या रविवारी मी फोन नीट करायला घेतला. सेटिंगमध्ये गेले तर बोटांचे दोन ठसे नोंदलेले. एक माझा. मुलीला म्हटलं, बोट लाव बघू. तिने लावलं, फोन उघडला. तेच बोट खरेदीलाही चालत होतं. पिन लागतच नव्हता.

"हे कुणी केलं?"

"तूच केलंस ना. आबा गावाला गेलेले तेव्हा. माझा ऑनलाइन क्लास होता, तू ऑफिसला निघालेलीस."

मला आठवलं. चप्पल घालता घालता तिचं बोट धरून मी ते केलं होतं आणि विसरले होते. दुपारी आबांचा डोळा लागला की ती स्टुलावर चढून फोन काढायची. ते उठायच्या आत परत ठेवायची. प्रत्येक खरेदीची पावती माझ्याच ईमेलवर आली होती, वेळेसकट. मी एकही उघडली नव्हती. बी.कॉम. झालेली मी.

आंबिवलीला जाऊन मी वडिलांना सगळं सांगितलं, माझं चुकलं असं म्हटलं. ते भावाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. शांतपणे ऐकून घेतलं. मुलीला मारलंस का, विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, बरं केलंस. घरी चला म्हटलं तर मान हलवली.

"नको बाय. मी इथं बरा आहे. तिकडे परत काही झालं तर पहिलं नाव माझंच येणार."

भावाची बायको आतून म्हणाली, "राहू द्या की ताई. आमच्याकडे फोनच्या राखणीला कोणी लागत नाही." मी चहा घेतला आणि निघाले.

आता मुलीचं वेगळं अकाउंट आहे, तिच्या खऱ्या वयाचं, माझ्या अकाउंटला जोडलेलं. फोनवर तिचा ठसा नाही. गेम पाऊण तासाने आपोआप बंद होतो. काही विकत घ्यायचं तर माझ्या फोनवर विचारणा येते आणि मी नाही म्हणते. सिमच्या बिलावरची खरेदी कंपनीला सांगून बंद केली. काही पैसे परत मिळाले, बाकीच्या खरेदीची परताव्याची मुदत उलटली होती. मुलगी शाळेतून आली की शेजारच्या पाळणाघरात बसते. वडील आंबिवलीलाच आहेत. आठ महिन्यांत गेममध्ये एक रुपयाही गेलेला नाही.