भरणा न झालेले चौदा महिने

कारखान्यातले सगळे त्यांना भांडारदादा म्हणत. पंचवीस वर्षं सुट्या भागांचं भांडार सांभाळलेला माणूस. किंमत कितीही चढो-उतरो, दादा विचारणार एकच, "नग किती?" पण स्वतःच्या पेन्शनखात्याचं पत्रक आलं की मात्र शेवटचा आकडा पाहून घडी घालून ठेवायचे. आठ महिन्यांनी निवृत्ती होती आणि पुढची सगळी भिस्त त्याच खात्यावर.

यंदाचं पत्रक सुनेने वाचायला घेतलं.

"बाबा, निम्मे पैसे शेअरच्या फंडात, उरलेले कर्जरोखे आणि सरकारी रोख्यांत. तुम्हीच निवडलं होतंत ना?"

"हो. आठाचे आठ ऐंशी झाले बघ. लाखात."

"झाले खरे." ती बोटाने रकाना धरून बसली. "पण युनिट वाढलेच नाहीत. उलट तीनही फंडांत किंचित कमी झालेत. खात्याचा खर्च युनिट विकून घेतात. वाढलाय तो एका युनिटचा भाव."

"म्हणजे?"

"म्हणजे बाजार चढला म्हणून आकडा फुगला. भरणा चौदा महिन्यांपूर्वी थांबलाय. तुमचाही, कंपनीचाही."

दादांनी कपाटातून पगाराच्या पावत्या काढल्या. दर पावतीवर चोवीसशेची कपात होती. कंपनीनेही तेवढेच घालायचे होते. चौदा महिन्यांचे मिळून सदुसष्ट हजार दोनशे. देवासमोर दिवा लावायला उठलेली बायको काडी हातात धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या हिशेबनिसाने आधी दार लावून घेतलं.

"दादा, बोभाटा करू नका. तुम्हा सगळ्यांची कपात कंपनीच्या कर्जाच्या हप्त्याला वळवली. साहेब म्हणाले, वेळ निभावून न्या."

"माझ्या पगारातून कापलेत ते! आणि तुला माहीत होतं?"

"मलाही पोरंबाळं आहेत." तो खाली बघत म्हणाला. "पत्रक तर सगळ्यांना येतं. विचारलं कुणी?"

कारखान्यातली पोरं पत्रक घेऊन भांडारातच यायची आणि दादाच सांगायचे, "आकडा वाढतोय ना? मग झोप निवांत."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चाळीस जणांना सगळं सांगितलं, चूक आपलीच म्हणून कबूल केलं आणि तक्रारअर्ज पुढे ठेवला. वेल्डर हसला. "दादा, तुम्ही निघालात घरी. आम्हाला इथंच दिवस काढायचेत."

चार सह्या झाल्या. संध्याकाळी त्यातल्या दोघांनी येऊन आपापली नावं खोडली. उरलेल्या दोन सह्यांचा अर्ज दादांनी पेन्शनच्या कचेरीत दिला आणि पोच घेतली.

तिसऱ्या दिवशी फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. "दादा, साहेबांनी भांडाराच्या किल्ल्या मागितल्यात."