पाच ते सहा, पूर्ण दराने

वाघोलीला आमच्या सोसायटीमागे जाळी लावलेलं बॉक्स क्रिकेटचं टर्फ झालं, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. वयाची पन्नाशी आली, पण बॅट म्हणून कधी हातात धरली नव्हती. अमरावतीला भावांच्या खेळात माझं काम स्कोअर लिहिण्याचं.

चौकशी केली. संध्याकाळी पाचपासून तासाला सोळाशे. शनिवार-रविवारी त्याहून जास्त. सोमवार ते शुक्रवार पाचच्या आत मात्र आठशे. आम्ही सोसायटीतल्या आठ मैत्रिणी, म्हणजे माणशी शंभर! बुधवारची चार ते पाचची वेळ मी चार दिवस आधीच धरली आणि निम्मे पैसे आगाऊ भरले. टर्फवाल्यांनी बजावलं होतं, तुम्ही कधीही या, तास चारलाच सुरू होणार.

पण आम्ही बायका! चारचं बोलावणं म्हणजे सव्वाचारला निघायचं, ही हळदीकुंकवाची सवय. त्यात एकीचे बूट सापडेनात, दुसरीला आधी फोटो हवे होते. पहिला चेंडू पडला तेव्हा चार वीस झाले होते. बुकिंग माझं, म्हणून यजमानीणबाईंसारखी मी फलंदाजीत शेवटचा नंबर घेतला होता. मूर्खपणा, दुसरं काय. माझ्या आधीची बाद झाली, मी बॅट उचलली आणि टर्फवाले दारात येऊन म्हणाले, "मॅडम, पाच वाजले."

मला रडूच आलं. दोन चेंडू तरी खेळू द्या, असं मैत्रिणींनी विनवून पाहिलं. ते म्हणाले, एकाला दोन चेंडू दिले की दुसरा दोन ओव्हर मागतो. शाळेच्या बस यायच्या होत्या, त्यामुळे पाच जणी घाईने निघाल्या. दोघी रेंगाळल्या.

"पुढचा तास कोणाचा आहे?" मी विचारलं.

"सहापर्यंत रिकामं आहे. पण आता सोळाशे. आणि अर्धा तास मिळत नाही."

साडी घेतानाही मी इतक्या पटकन पैसे काढले नसतील. फोन काढला, सोळाशे पाठवून टाकले. दोघी आ वासून बघत राहिल्या, मग एकीने चेंडू उचलला, दुसरी स्टंपांमागे उभी राहिली.

पहिले तीन चेंडू हुकले. चौथा बॅटच्या मधोमध बसला आणि थेट समोरच्या जाळीवर आदळला. हातापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. इतका आनंद मला शेवटचा कधी झाला होता, आठवेना. मी पुन्हा पुन्हा मारत सुटले. बाद झाले की तिघींच्या मताने तो नो-बॉल ठरत होता.

साडेपाचला घरून फोन आला. चहाचं काय, असं हे विचारत होते.

"अहो, करून घ्या," मी धापा टाकत म्हटलं. "सहापर्यंत मैदान माझं आहे."