काळ्यापांढऱ्या सिनेमातलं रंगीत गाणं

मी हट्टी माणूस आहे. जन्मभर मास्तरकी केली, दुसऱ्याच्या चुका काढायची खोड रिटायर झाल्यावरही गेली नाही. त्या खोडीपायी लातूरच्या माझ्या मित्राला मी जवळजवळ वेडा ठरवून बसलो होतो.

आम्ही दोघं जळकोटकडचे, बालवाडीपासून एकत्र. आता तो लातुरात मुलाकडं, मी नांदेडला. दिवाळीनंतर त्याच्याकडं गेलो तर त्याच्या तोंडात एक अर्धवट गाणं होतं. मुखडा आठवेना, नुसता मधला अंतरा. म्हणाला, "जळकोटला टूरिंग टॉकीजचा तंबू लागायचा, तिथला दरोडेखोराचा सिनेमा. तू शेजारीच होतास की."

मी म्हटलं, "न्हाई. ते दोन भावांच्या रंगीत सिनेमातलं. नांदेडला बघितलंय मी. तंबूत मी तुझ्यासोबत कधी आलोच नाही."

"दरोडेखोराचाच. सगळा सिनेमा काळापांढरा, गाणं लागलं की पडदा रंगीत. बाईबी वेगळीच, हिरव्या साडीतली. आधी तिचे ओठ हलले, आवाज मागून आला. मुखडा नव्हताच, एकदम अंतरा."

त्याचा मुलगा दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. नंतर बाहेर नेऊन सांगितलं, "काका, हे असंच चाललंय. गॅस चालू ठेवतेत, गल्ली चुकतेत. गाडीची चावी मी काढून घेतली. पुढच्या सोमवारी मेंदूच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय."

तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण जित्याची खोड. आत आलो, मोबाइलवर दरोडेखोराचा अख्खा सिनेमा लावला आणि पळवत पळवत शेवटापर्यंत दाखवला. ते गाणं कुठंच नव्हतं. मग दोन भावांचा लावला, तर हिरव्या साडीसकट गाणं हजर. मी जिंकलो. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग मला दिसलं ते काय होतं?" एवढंच बोलला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. मी निघालो तेव्हा उठलासुद्धा नाही.

नांदेडला आल्यावर मला चैन पडेना. चार दिवस फोन केला, तो घेईना. शेवटी मुलानं घेतला. म्हणाला, "बाबा म्हणतेत, मास्तरचं खरं. आता कशावरच भरवसा न्हाई म्हणतेत. जेवणबी सोडलंय."

टूरिंग टॉकीजचा ऑपरेटर देगलूरला असतो असं ऐकून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. म्हातारा नातवाच्या मोबाइलच्या दुकानात बसलेला. मी सगळं सांगितलं, तर खो खो हसला.

"ते माझंच काम. आमच्याकडं प्रिंट यायची जुनी, गाणी आधीच कुणीतरी कापलेली. पब्लिक खुर्च्या तोडायची. मग मी दुसऱ्या फाटक्या प्रिंटमधली गाणी बिस्किटाच्या डब्यात जपायचो आणि कापलेल्या जागी चिकटवायचो. ब्लेडनं फिल्मचा मसाला खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, काठाच्या भोकावर भोक बसवून दाबायचं. झाला जोड."

"आणि आवाज मागून?"

"फिल्म आधी चित्राच्या खिडकीतून जाती, मग खाली आवाजाच्या हेडवरून. दोघांत वीस फ्रेमचं अंतर. जोड आला की चित्र आधी बदलतं, आवाज सेकंदाभरानं. त्या गाण्याचा मुखडा पार झिजला होता, कापून टाकला मी."

मित्राचं अक्षर अन् अक्षर खरं होतं. म्हातारा माझ्याकडं निरखून बघत होता. "जळकोटचे ना तुम्ही? दोन पोरं मागं लागली होती, पुन्हा लावा म्हणून. त्या मुखड्याचा तुकडा दिला होता त्यांना. एकानं कंपासपेटीत ठेवला, तो मास्तरांचा मुलगा."

मास्तरांचा मुलगा मीच. माझे वडीलही मास्तर.

घरी येऊन ट्रंक उपसली. गंजलेल्या कंपासपेटीत फिल्मचा बोटभर तुकडा निघाला. रंग लाल पडत चाललेला, तरी हिरवी साडी ओळखू येत होती. तंबूत गेलेलं मला आजही आठवत नाही. किती डोकं ताणलं तरी नाही.

रविवारी लातूर गाठलं. तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं तो ट्यूबलाइटकडं धरून लई वेळ बघितला. मी ऑपरेटरचं सगळं सांगितलं, कुठं चुकलो तेही सांगितलं. मुलगा ऐकत होता.

"म्हणजे तू शेजारी होतास," मित्र म्हणाला.

"होतो."

"आन तुला आठवत न्हाई."

"न्हाई."

त्याचे डोळे भरले होते. तुकडा त्यानं जपून खिशात ठेवला आणि मुलाला म्हणाला, "उद्या डॉक्टरकडं जाऊच. गॅसचं तुझं खरं हाय. पण नंबर दोघांचा लाव."