मधल्या सुट्टीनंतरचं बीजगणित

शिवाजी पेठेतल्या एका शाळेत मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. शिट्टी, फुटबॉल आणि मैदान एवढाच माझा संसार. पण त्या वर्षी शाळा उघडली आणि मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच तासाला मी दहावीच्या वर्गात खडू घेऊन उभा होतो.

"सर, तुमी बीजगणित शिकवणार व्हय?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"कागदावर तसंच लिवलंय की," मी म्हणालो. वर्गात आनंदीआनंद झाला.

कागद म्हणजे प्रत्येक शिक्षकाला मिळालेली वेळापत्रकाची चिठ्ठी. वेळापत्रक करणारे सर सुट्टीत बदली होऊन मलकापूरच्या शाळेत गेले होते आणि त्यांच्या घरचा संगणक बंद पडल्यानं मूळ फाईलही गेली होती. उरला होता ऑफिसातल्या सूचनांच्या फळ्यावर काचेमागं लावलेला एक छापील तक्ता. ओळीत शिक्षकांची नावं, उभ्या रकान्यांत तास. आमच्या संगणकाच्या मॅडमनी त्याचा मोबाईलवर फोटो काढला, एक्सेलमध्ये घेतला आणि त्यावरून सगळ्यांच्या चिठ्ठ्या छापल्या. सकाळचे तास बिनबोभाट गेले, त्यामुळं कुणालाच शंका आली नाही.

मला वाटलं, गणिताचे सर रजेवर असतील. मी पोरांना संघातले खेळाडू आणि गोल यांची समीकरणं मांडायला लावली. तेवढ्यात खिडकीतून पाहिलं तर मैदानावर चित्रकलेच्या मॅडम छत्री धरून उभ्या, आणि नववीची पोरं त्यांच्याभोवती फुटबॉल खेळतायत. वरच्या मजल्यावर सातवी मोकाट सुटली होती. गणिताचे सर विज्ञानाच्या प्रयोगशाळेत सापडले.

शाळा सुटल्यावर आम्ही सगळे संगणकाच्या खोलीत जमलो. संगणकाच्या मॅडम बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या.

"मी तपासलंवतं हो सर. एका तासाला एक वर्ग दोघांकडं नाही ना, ते रकाना रकाना बघितलं."

"मग चुकलं कुठं?"

त्यांनी फोटो आणि एक्सेल शेजारी शेजारी लावले. माझ्या ओळीत सकाळचे तास माझेच होते, मधल्या सुट्टीनंतरचे मात्र माझ्या वरच्या ओळीतल्या गणिताच्या सरांचे. चित्रकलेच्या मॅडमच्या ओळीत माझे. फळ्याच्या काचेवर उजेड चमकत होता म्हणून मॅडमनी बाजूला सरून फोटो काढला होता, आणि तो किंचित तिरका आला होता. तक्त्याच्या आडव्या रेघा उजवीकडं उतरत गेल्या होत्या. डावीकडं फरक कळतही नव्हता, पण उजव्या टोकापर्यंत जाता जाता तो जवळपास एका ओळीएवढा झाला होता. संगणकानं आपलं सरळ रेषेत वाचलं. अख्खा रकानाच एक घर खाली सरकल्यामुळं एक वर्ग दोघांकडं गेला नाही, आणि मॅडमची तपासणी बिनचूक पार पडली.

"आणि सातवीचा संगीताचा तास कुठं गेला?" मी विचारलं.

मॅडमनी फोटोतल्या शेवटच्या, संगीताच्या सरांच्या ओळीवर बोट ठेवलं. मग हसू लागल्या. "सगळ्यात खाली बिननावाची एक ओळ आलती. मला वाटलं कचरा हाय, काढून टाकली."

पहिली ओळ मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची. तिचा उजवा भाग कोरा राहिला होता. "मला दुपार मोकळी दिसली," त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हटलं, कुणीतरी माझा विचार केला."

मग आम्ही तक्ता काचेतून काढून टेबलावर सपाट ठेवला. मी चारी कोपरे दाबून धरले, मॅडमनी बरोबर वरून फोटो घेतला. तरी थोडा कल राहिलाच. त्यांनी मोबाईलमध्ये तक्त्याच्या चारही कोपऱ्यांवर खुणा ओढून बसवल्या, आणि रेघा पडद्याच्या कडेला समांतर झाल्या. पुन्हा एक्सेलमध्ये घेतल्यावर आधी ओळी मोजल्या: जेवढी नावं तेवढ्याच ओळी. खाली बिननावाचं काही उरलं नाही.

या वेळी तपासणी आडवी केली. मी छापील तक्त्यावर प्रत्येक नावाखाली फूटपट्टी ठेवून शेवटच्या तासापर्यंत वाचत गेलो, मॅडम पडद्यावर बोट ठेवून "हाय, हाय" म्हणत गेल्या. मोठ्या बाईंची दुपार भरली, तेव्हा त्यांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी नव्या चिठ्ठ्या आल्या आणि मी मैदानावर परतलो. गणिताच्या सरांनी मला जिन्यात गाठलं. दहावीच्या पोरांनी माझी गोलांची समीकरणं त्यांच्याकडून सोडवून घेतली होती, आणि त्यातलं एक सुटतच नव्हतं.

"कसं सुटंल सर," मी म्हणालो, "त्यात आमचा संघ हरलाय."