कुलपातली बारा घड्याळं

वेतुरिया आज अडुसष्ट वर्षांची आहे आणि तिच्या कपाटात अजूनही एक टॉवेलांचा जोड, एक चिनी मातीचा सेट आणि दोन रेशमी उशा आहेत, ज्यांना कधी माणसाचा हात लागला नाही. चांगली वस्तू कुणीतरी येईपर्यंत जपायची, हे तिला आईनं शिकवलं. आईला तिच्या आईनं. आमच्याकडे घरोघरी हेच. पाहुणे येतील, पाद्री येईल, वरून तपासणी येईल, तेव्हा काढू. तोवर फुटका कप चालतो. या सवयीला कुणी वाईट म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. फक्त वेतुरियाला ती एकदा भोवली, आणि तिच्यापेक्षा जास्त दुसऱ्याच कुणालातरी.

सोमेश नदीकाठच्या आमच्या गावातल्या इस्पितळात ती चौतीस वर्षं नर्स होती, त्यातली शेवटची बारा वर्षं औषधोपचाराच्या वॉर्डची मुख्य सिस्टर. कडक बाई. चादरीला सुरकुती दिसली की तिच्या कपाळावर दोन पडायच्या. रोगी तिला घाबरत आणि बरे होऊन गेले की आलुबुखाऱ्याची दारू घेऊन भेटायला येत.

त्या हिवाळ्यात वॉर्डात जुलाबाची साथ फिरली. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. प्रयोगशाळेतल्या माणसानं नर्सेसच्या मनगटावरच्या घड्याळांचे पट्टे पुसून नमुने नेले. त्यांतून जे जंतू वाढले ते ऐकून जेवण जाईना. चामड्याचा आणि कापडी पट्टा धुतला जात नाही, घाम, पाणी, औषध सगळं पितो; आणि घड्याळ हातात असलं की मनगटाला साबण लागतच नाही. वर या रोगाचे जंतू नुसत्या अल्कोहोलनं मरत नाहीत, साबण-पाणी लावून चोळावंच लागतं. मग हुकूम निघाला: कोपराच्या खाली काही नाही. अंगठी नाही, बांगडी नाही, घड्याळ नाही. स्वयंपाकघरालाही तोच नियम. तिथली आचारीण फ्लोआरे हिच्या पट्ट्याच्या भोकांतून गेल्या ईस्टरच्या पावाची कणीक निघाली, असं सगळे म्हणत. ती म्हणायची, "गेल्या ईस्टरची नाही, या नाताळची आहे. उगाच बदनामी नको."

वेतुरियानं हुकूम सोमवारी सकाळी लागू केला आणि सातच्या ठोक्याला दारात उभी राहिली. पहिली सापडली इलिंका.

इलिंका तेवीस वर्षांची, नोकरीला पाच महिने झालेली. हाताला हलकी आणि स्वभावानं इतकी सरळ, की सहकारिणी तिला "शाळेतली" म्हणत. तिच्या मनगटावर आईचं घड्याळ होतं, पिवळट चामड्याच्या पट्ट्याचं.

"काढ."

"काढते बाई. पण नाडी कशी मोजू?"

"आमच्या वेळी काय कोंबडा आरवायचा का? काढ आधी."

"नाही, खरंच विचारते. वॉर्डातल्या घड्याळाला सेकंदकाटा नाही. कॉरिडॉरमधलं पलंगावरून दिसत नाही. छातीवर लावायची घड्याळं येणार होती ना?"

"अजून आलेली नाहीत," वेतुरिया म्हणाली.

ती आली होती. शुक्रवारीच. बारा होती, एका पांढऱ्या खोक्यात. सिलिकॉनचं आवरण, साबणानं धुवावं आणि लगेच पुसावं असं, मागं टाचणी, तबकडी उलटी टांगलेली, म्हणजे मान खाली घातली की आपल्याला सरळ दिसते, आणि लाल सेकंदकाटा. वेतुरियानं एक हातात घेतलं, आवडलं, परत ठेवलं आणि खोकं तिच्या खोलीतल्या कपाटात बंद केलं. राजधानीहून, बुखारेस्टहून, तपासणीची समिती पंधरा दिवसांनी यायची होती. आत्ता वाटली तर दोघी टाचणी वाकवतील, एखादी धुण्यात घालेल. समितीसमोर बारा जणी बारा नव्या घड्याळांसह उभ्या राहिल्या तर? कुणी बोट दाखवणार नाही. तिच्या स्वतःच्या छातीवर प्रशिक्षणाच्या काळातलं जुनं टांगतं घड्याळ होतंच, म्हणून तिला कमतरता जाणवली नाही.

बाकीच्या नर्स शहाण्या. पट्टा काढला, घड्याळ खिशात टाकलं, नाडी बघताना हळूच बाहेर. वेतुरियाला दिसत होतं, पण डोळेझाक करत होती. इलिंकाला कुणी हे शिकवलं नाही. आणि तिनं नियमातून पळवाट शोधली नाही.

सहा नंबरच्या खाटेवर अकिम आजोबा होते. रेल्वेत सांधे बदलण्याचं काम चाळीस वर्षं केलेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अनियमित ठोक्यांच्या हृदयाचे आणि खूप बोलणारे. त्यांना सकाळी हृदयाची एक गोळी असायची. ती देण्यापूर्वी नाडी मोजायची, पूर्ण एक मिनिट, कारण वेडेवाकडे ठोके पंधरा सेकंदांत मोजून चौपट केले की आकडा हमखास चुकतो. साठच्या खाली असेल तर गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. ही गोळी किडनी मंदावली की अंगात साठत जाते आणि हृदय आणखी सावकाश करते.

"पोरी, माझी गाडी धावतेय का?" आजोबा विचारायचे.

"थांबा आजोबा, बोलू नका, मोजू द्या."

दोन बोटं मनगटावर ठेवून ती मनात सेकंद मोजायची; पूर्ण मिनिट मनात टिकेना, म्हणून पंधराच. आतून घाबरलेली असल्यानं प्रत्येक सेकंद लांबायचा. पंधरा म्हणून मोजले ते वीस होते. वीसमध्ये सोळा ठोके पडले. तिनं चौपट केले आणि तक्त्यावर लिहिले चौसष्ट. खरी नाडी अठ्ठेचाळीस होती. सोमवारी चौसष्ट, मंगळवारी अडुसष्ट, बुधवारी चौसष्ट. तिन्ही दिवस गोळी दिली. बुधवारी दुपारी आजोबा म्हणाले, "आज सगळं पिवळं दिसतंय, फ्लोआरेनं डोळ्यांत मक्याची पोळी घातली वाटतं." ती गोळी अंगात साठल्याची खूण होती, पण कुणी ते मनावर घेतलं नाही.

गुरुवारी साडेदहाला त्यांना उलट्या झाल्या आणि ते पलंगावरून उतरताना कोसळले. डॉक्टर होरात्यू यांनी नाडी धरली, घड्याळ बघितलं, पूर्ण मिनिटभर. बेचाळीस.

"सकाळी किती होती?"

"साठ," इलिंका म्हणाली, आणि सांगतानाच तिचा चेहरा उतरला.

आजोबांना रुग्णवाहिकेनं जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं त्यांच्या हृदयाला काही दिवस तारेतून विजेचा आधार द्यावा लागला. ते वाचले. आणखी दोन वर्षं जगले आणि तीच कथा प्रत्येकाला ऐकवत राहिले. ते वाचले म्हणूनच सगळं दाबायला सोपं गेलं. माणूस गेला असता तर कदाचित वेतुरियाचं तोंड उघडलं असतं. असं ती आता स्वतःला सांगते, आणि तिचा स्वतःवरही विश्वास नाही.

शुक्रवारी दुपारी संचालकांच्या खोलीत चौकशी झाली. टेबलाच्या एका बाजूला संचालक आणि डॉक्टर, दुसरीकडे इलिंका उभी. वेतुरिया भिंतीकडेच्या खुर्चीत.

"पूर्ण मिनिट का नाही मोजलं?"

"मी मनात मोजले. चूक माझी आहे," इलिंका म्हणाली. "मला वाटलं जमेल. नाही जमलं."

संचालकांनी वेतुरियाकडे पाहिलं. "छातीवरची घड्याळं मिळाली नव्हती का?"

त्या एका क्षणाचं वेतुरियाला आजही सगळं आठवतं. खोलीत जळक्या कॉफीचा वास होता. कपाटाची किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात होती, आणि ती तिनं खिशातच मुठीत धरली होती. तिला फार काही बोलायचं नव्हतं. फक्त "गेल्या शुक्रवारीच आली, मी बंद ठेवली" एवढं बोलायचं होतं. आठ दिवसांनी समिती. इतक्या वर्षांचं नाव.

"मागवलेली आहेत," ती म्हणाली.

इलिंकानं तिच्याकडे पाहिलं नाही. तक्त्याकडे पाहत राहिली. लेखी ताकीद मिळाली, आणि वॉर्डातून काढून तिला निर्जंतुकीकरणाच्या खोलीत पाठवलं, जिथं रोगी नाही, नाडी नाही, फक्त वाफ. सोमवारी वेतुरियानं वॉर्डात बारा घड्याळं वाटली. "आज आली," म्हणाली. समिती आली, स्वयंपाकघरात दहा मिनिटं, वॉर्डात तीन. नर्सेसच्या छातीकडे कुणी पाहिलंही नाही. ईस्टरनंतर इलिंकानं राजीनामा दिला आणि इटलीला गेली, म्हाताऱ्यांची सेवा करायला. इथली निम्मी पोरं तेच करतात.

वेतुरियानं तिला पत्र लिहायचं बऱ्याचदा ठरवलं. एकदा दोन पानं लिहिली आणि चुलीत घातली. आधी वाटलं, पोरगी विसरली असेल. मग वाटलं, तिला काही माहीतच नाही, उगाच कशाला सांगून मन दुखवायचं. माणूस स्वतःला जपायला किती दयाळू कारणं शोधतो बघा.

अकरा वर्षांनी, ऑगस्टात मरियमच्या सणाला इटलीतले सगळे गावी येतात, तेव्हा इलिंका चर्चच्या अंगणात दिसली. जाड झालेली, केस कापलेले, सोबत सात वर्षांची मुलगी. वेतुरियानं तिला घरी बोलावलं. इलिंका आली. वेतुरियानं रिवाजाप्रमाणे बशीत आंबट चेरीचा मुरंबा आणि गार पाण्याचा ग्लास ठेवला, आणि खाली बसल्याबरोबर तोंडावाटे निघालं ते सगळं एका दमात. खोकं, शुक्रवार, किल्ली, मागवलेली आहेत. रडलीही. इतक्या वर्षांत ती कुणासमोर रडली नव्हती.

इलिंकानं ऐकून घेतलं. मुलगी बाहेर मांजराशी खेळत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"खोकं. सोमवारीच. तुम्ही हातमोजे काढायला कपाट उघडलंत, तेव्हा पाहिलं मी. वर लेबल होतं."

वेतुरिया पुढं झुकली. "मग तू बोलली का नाहीस? संचालकांसमोर? तू तर घड्याळ मागितलं होतंस!"

"बाई, मोजलं चुकीचं मी. ते माझंच होतं, ते मी सांगितलं." इलिंकानं चमचा बशीत ठेवला. "तुमचं तुम्ही सांगाल असं वाटलं. त्या खोलीत मी थांबले होते. नंतर ईस्टरपर्यंत वाफेच्या खोलीतही थांबले. दार वाजलं की वाटायचं, बाई आल्या. मग इटलीला गेले."

ती मुलीला हाक मारून निघाली. दारात वळून म्हणाली की मुरंबा छान झालाय.